सहा पडेपर्यंत वाती वळा: आमच्या लुडोचे घरगुती नियम

लुडो म्हणजे नशिबाचा खेळ, डोकं बाजूला ठेवून खेळायचा, असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे आणि तरी गणपतीत रात्री बोर्ड काढला की पहिल्यांदा कोण बसणार यावरून भांडणं व्हायची. आमचं घर सावंतवाडीच्या बाजूला गावात, गौरी-गणपतीला सगळी भावंडं मुलाबाळांसकट येतात, म्हणजे माणसं वीस-बावीस आणि बोर्ड एकच. एकदा का चौघं बसले की दीड तास कुणी हलत नाही, बाकीचे ताटकळत बसतात, पोरं रडकुंडीला येतात. त्यामुळे खेळ छोटा करायची गरज आधी आली, नशीब कमी करायचं खूळ नंतर डोक्यात शिरलं. आणि ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येतात हे कळायला तर आणखी वेळ लागला, तेच सगळं लिहितोय.

आधी वेळ कुठे जातो ते बघू म्हटलं. लुडोच्या बोर्डवर बाहेरच्या वाटेची घरं ५२. आपल्या रंगाच्या दारातून निघालेली सोंगटी त्यातली ५० घरं चालते, मग आपल्या रंगाच्या गल्लीत वळते, तिथली पाच घरं आणि मग मधलं घर, म्हणजे एकूण ५६ पावलं. चार सोंगट्यांची २२४. फाशाची सरासरी साडेतीन, पण सहा पडला की परत टाकायला मिळतो (आणि लागोपाठ तीन सहा पडले की पाळी जाते), हे धरून एका पाळीला सरासरी चारच्या जरा वर पावलं पडतात. म्हणजे कुणी कुणाला मारलं नाही, कुणी अडकून पडलं नाही, तरी एका माणसाला पन्नास-पंचावन्न पाळ्या लागणारच, चौघांच्या मिळून दोनशेच्या वर. एका पाळीला दहा-बारा सेकंद धरा, चाळीस मिनिटं तर नुसती चालण्यातच गेली. त्यावरचा जो वेळ जातो तो तीन जागी जातो: सुरुवातीला सहाची वाट बघण्यात, मेलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून चालवण्यात, आणि शेवटी नेमकं दान पडण्याची वाट बघण्यात. शिवाय पहिला नंबर आला तरी दुसऱ्या-तिसऱ्यासाठी खेळत राहायचं हा एक शौक असतोच.

ह्यातलं सगळ्यात चीड आणणारं म्हणजे पहिला सहा. माझ्या भाचीने, ती बारावीला होती तेव्हा, वहीत हिशोब मांडून दाखवला. एका माणसाला सहा पाळ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता साधारण तीनात एक. आता हे ऐकून वाटतं ठीक आहे, पण माणसं चार आहेत, त्यामुळे चौघांपैकी निदान एक जण सहा पाळ्या होऊनही चारी सोंगट्या बंद ठेवून बसलाय ही शक्यता ८० टक्के निघते! आणि दहा पाळ्या होऊनही कुणीतरी तसाच बसलाय असं जवळपास निम्म्या डावांत होतं. म्हणजे "माझंच नशीब फुटकं" असं जो म्हणतो त्याचं काही फुटकं वगैरे नसतं, खेळाची रचनाच अशी आहे की दर डावाला कुणीतरी एक बकरा लागतोच. आमच्या आत्याचं वाक्य ठरलेलं, "माका सहा पडणा नाय, मी वाती वळतंय, पडलो तर सांगा."

तर पहिला बदल अगदी सोपा, त्यावर भांडणही झालं नाही. डाव सुरू होतानाच प्रत्येकाची एक सोंगटी दारात उभी. बाकीच्या बाहेर काढायला सहा किंवा एक, दोन्ही चालतात. आधी सरासरी सहा पाळ्या थांबावं लागायचं ते तीनवर आलं, आणि तोवर हातात एक सोंगटी असतेच त्यामुळे कुणी वाती वळायला जात नाही. ह्याच बैठकीत सोंगट्याही चारच्या तीन केल्या. पोरांनी जरा कुरकुर केली पण डाव पटकन येतोय म्हटल्यावर गप्प झाली. पहिला माणूस सुटला की डाव खलास, बाकीच्यांचे नंबर कुणाची पावलं जास्त झाली त्यावर. शेवटच्या नेमक्या दानाची अट पण काढली, दोन हवेत आणि पाच पडले तरी सोंगटी घरात. कारण शेवटची एकच सोंगटी राहिलीय आणि एकच नेमका आकडा हवाय तर पुन्हा सरासरी सहा पाळ्या नुसतं हात हलवत बसायचं, आणि बघणाऱ्यांनी जांभया द्यायच्या.

एवढ्याने दीड तासाचा डाव पाऊण तासावर आला. इथे थांबलो असतो तरी चाललं असतं खरं तर.

पण मग मधल्या भावाने (तो बुद्धिबळवाला आहे, त्याला लुडोत बसवणं म्हणजे शिक्षा) मुद्दा काढला की खेळ छोटा केलात म्हणजे नशीब वाढवलंत. आणि ते बरोबर होतं. २२४ पावलं चालायची असतात तेव्हा चांगली-वाईट दानं थोडीफार सारखी होतात, १६८ चालायची तर तेवढी होत नाहीत. आधीचा लांबलचक डाव कंटाळवाणा होता पण त्यात सावरायला जागा होती, आता सुरुवातीला दोनतीन सहा ज्याला पडले तो पुढे गेला तो गेलाच. मग आम्ही सहाकडे नीट बघितलं. ह्या एका आकड्याला लुडोत तीन-तीन बक्षिसं आहेत, सोंगटी तोच काढतो, सगळ्यात लांब तोच चालतो, आणि वर अजून एक पाळी पण तोच देतो. दुसरा कुठलाच आकडा ह्याच्या आसपास नाही. म्हणजे डाव कोण जिंकणार हे बऱ्याच अंशी कुणाला सहा किती पडले एवढ्यावरच ठरतं. जादा पाळी आम्ही तिथल्या तिथे काढून टाकली, सहाची पण आणि मारल्याची पण. एक पाळी म्हणजे एक चाल, बास.

भावाचा पुढचा उपाय मात्र फारच टोकाचा होता. फासाच नको! पत्त्यांतले एक्का ते छक्का असे सहा पत्ते प्रत्येकाला द्यायचे, आपल्या पाळीला हवा तो टाकायचा, सहाही संपले की परत उचलायचे. म्हणजे सहा पाळ्यांत प्रत्येक जण बरोबर २१ पावलं चालणार, ना कमी ना जास्त. कागदावर एकदम न्याय्य. खेळायला बसलो आणि पहिले दहा मिनिटं मजा पण आली, मग काय झालं तर सगळे एकमेकांचे पत्ते मोजायला लागले. माझ्या सोंगटीच्या पाच घरं मागे वहिनीची सोंगटी, पण तिचा पंजा होऊन गेलाय आणि हातात एक्का आणि तिर्री उरलीय, म्हणजे दोन पाळ्या मी तिथे निवांत उभा राहू शकतो, ती काही करू शकत नाही. ह्यात डोकं आहे, नाही असं नाही, पण एकेका चालीला मिनिट-मिनिट जायला लागलं आणि दहा वर्षांच्या पोराला तर कुणी जिंकूच देईना. नशीब काढलं की लहान पोरं आणि म्हातारी माणसं खेळातून बाद होतात, हे तेव्हा डोळ्यांसमोर घडलं. भाऊ आणि त्याचा मेव्हणा दोघंच अजून दुपारी पत्त्यांवर लुडो खेळतात, पंख्याखाली, एक अक्षर न बोलता. त्यांना लखलाभ.

आत्याचं म्हणणं वेगळंच. ती लहानपणापासून चल्लस आठ खेळलेली, पाच बाय पाचच्या पटावर, चिंचोके फोडून. चार अर्धे चिंचोके टाकायचे, जेवढे उलटे पडतील तेवढं दान, चारी एका बाजूने पडले तर चल्लस म्हणजे चार, आणि दुसऱ्या बाजूने तर आठ. ती म्हणाली त्यात मधली दानंच जास्त पडतात, सहासारखी मिजास कुणाची नसते. आणि हे हिशोबाला पण पटतं, चार चिंचोक्यांच्या १६ शक्यतांत दोन हे दान सहा वेळा येतं, एक आणि तीन चार-चार वेळा, चल्लस एकदा आणि आठ एकदा. (चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा पडतो असं धरलं तर, खरा चिंचोका कुठे तसा वागतो.) लुडोच्या बोर्डवर चिंचोके टाकून बघितले. झालं काय की सरासरी दान अडीच, आणि चालायचं ५६. पंचवीस घरांच्या पटावर जे शोभतं ते इथे गोगलगाय झालं, नशीब कमी झालं पण डाव पुन्हा तासाच्या वर. आत्याला दुसरा एक नियम पण आणायचा होता, एकाला तरी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही, चल्लस आठमध्ये तो असतोच. तो तर खेळ लांबवायचाच नियम आहे, प्रेमाने नाकारला.

मग सरळ विचार केला की फासा ठेवायचा, पण पडेल ते निमूट चालायचं हे नको, निवड हवी. दोन फासे टाका, त्यातला एक आवडेल तो घ्या. सगळ्यांना पटलं. दोन्हीकडून फायदा दिसत होता, दोनमधला मोठा घेतला तर सरासरी साडेतीनवरून साडेचारच्या जवळ जाते म्हणजे वेग वाढणार, आणि दोन्ही फाशांवर एकच पडून एकवरच समाधान मानायची वेळ ३६ पाळ्यांत एकदा, आधी सहात एकदा होती. नशीब पण कमी, वेळ पण कमी, आणखी काय पाहिजे.

डाव लांबला.

का लांबला ते कळेना आधी. भाचीनेच शोधलं. एका फाशाने पुढची सोंगटी नेमकी मारायची शक्यता ३६ पैकी ६. दोन फाशांतला कुठलाही एक घ्यायचा असेल तर ३६ पैकी ११, म्हणजे जवळपास दुप्पट. निवड दिली की माणूस काय निवडतो, तर दुसऱ्याला मारणं! बोर्डवर नुसती कत्तल चालली होती, ४०-४५ पावलं चालून आलेल्या सोंगट्या घराच्या तोंडाशी मरत होत्या आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. एका पाळीला साडेचार पावलं पुढे आणि एका फटक्यात पंचेचाळीस मागे, संपणार कसा डाव. आणि ह्यातच नशिबाचा सगळ्यात मोठा झटका बसलेला असतो, कारण ४५ पावलं जाणं म्हणजे दहा पाळ्यांची कमाई एका दानावर गेली. आमचं अर्धं लक्ष इतके दिवस फाशावर होतं, खरी गोम मारण्याच्या शिक्षेत होती.

म्हणून शिक्षा बदलली. मेलेली सोंगटी आत बंद होत नाही, ती मागे सरकते, शेवटी ज्या रंगाचं दार ओलांडलं त्या दारात जाऊन उभी राहते. चार रंगांची दारं १३-१३ घरांवर आहेत, दारात कुणी मारू शकत नाही, तिथे दोघातिघांच्या सोंगट्या एकत्र उभ्या राहिल्या तरी चालतं. म्हणजे जास्तीत जास्त नुकसान १२ पावलांचं. ४५ पावलांवर असलेली सोंगटी ३९ वर येते, सहा गेली. ३८ वर असेल तर २६ वर, बारा गेली. दार ओलांडायला एकच घर बाकी असताना मार खाणं सगळ्यात महाग आणि दार ओलांडल्या ओलांडल्या जवळपास फुकट, त्यामुळे आता माणसं दाराच्या अलीकडे रेंगाळत नाहीत, उडी मारायची तर पलीकडे. हा विचार आधी लुडोत कधी कुणी करतच नव्हता, स्टार आणि दार एवढंच बघायचे.

मी आधी म्हणत होतो की सोंगटी मागे जे आधी लागेल त्या स्टारवर किंवा दारात ठेवू, पण स्टार दारापासून आठव्या घरावर आणि तिथून पुढचं दार पाच घरांवर, म्हणजे नुकसान फार तर सात. ते करून बघितलं तर कुणी कुणाला मारायचेच कष्ट घेईना, सगळे आपापले चालले सरळ. मारामारीशिवाय लुडो म्हणजे नुसती शर्यत. बारा हा आकडा मला अजून बरोबर वाटतो, लागतं पण जीव जात नाही.

आता दोन फाशांचं. निवड होती पण दुसऱ्याच्या पाळीत बघत बसण्यापलीकडे काही नव्हतं. इथे आमच्या एका चुलतभावाने जे सुचवलं ते ह्या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात भारी, आणि त्याला घरात नाव पडलं उष्टं दान. नियम असा की तुझ्यासमोर आधीच्या माणसाने न घेतलेला फासा तसाच पडलेला असतो, आकड्यासकट. तू दुसरा फासा टाकायचा. मग दोन्हीतला एक घे, उरलेला पुढच्याला उष्टा. म्हणजे तुला काय हवं एवढंच बघून भागत नाही, पुढच्याच्या पानात काय वाढतोय हे पण बघावं लागतं!

पहिल्याच संध्याकाळी त्यातली अडचण दिसली. जो तो मोठा आकडा घेतो आणि लहान सोडतो. फिरत फिरत उष्टा फासा एकवर आला की तिथेच चिकटतो, कारण एक कुणालाच नको, सगळे आपला नवीन फासा घेतात. दोन फेऱ्यांत आपण पुन्हा एका फाशाचा लुडो खेळतोय आणि बाजूला एक एक्का शोभेला ठेवलाय अशी गत. एकवर सोंगटी निघते हा नियम आधीपासून होता त्याने थोडं वाचवलं, ज्याची सोंगटी बंद आहे तो एक आनंदाने उचलतो. पण सगळ्यांच्या सोंगट्या बाहेर आल्यावर पुन्हा तेच. मग जोडनियम केला की उष्टा फासा एकाने सोडला, पुढच्यानेही नाही घेतला, तर तो शिळा झाला, उचलायचा, आणि तिसऱ्याने दोन्ही फासे नव्याने टाकायचे. ह्याने गाडी सुरळीत झाली.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल ह्याने काय फरक पडला. आत्या लाल, तिच्यानंतर पुतण्या हिरवा. आत्याची एक सोंगटी ३८ पावलांवर, निळ्या दाराच्या एक घर अलीकडे, म्हणजे सगळ्यात महागाच्या जागी. तिच्या चार घरं मागे स्टारवर पुतण्याची सोंगटी दबा धरून बसलेली. आत्याची एक सोंगटी अजून बंद. आधीच्या निळ्याने दोनवर कुणालातरी मारलं त्यामुळे आत्यासमोर चक्क सहा उष्टा आला. तिने फासा टाकला, पडले चार. आता सहा घेऊन बंद सोंगटी काढावी हे कुणालाही वाटेल, एरवी लुडोत हा विचारायचा प्रश्नच नाही. पण सहा घेतला की चार उष्टा राहतो, आणि पुतण्याला नेमका चारच हवाय, हात पुढे करून बसलाच होता. म्हणजे सोंगटी निघाली पण बारा पावलं हमखास गेली. चार घेऊन पुढची सोंगटीच ४२ वर पळवावी तर ती वाचते, सहा शिळा होतो, पुतण्या नव्याने दोन्ही टाकणार, पण बंद सोंगटी बंदच. किंवा सहाच घेऊन ३८ ची ४४ वर न्यावी, मधलं अंतर दहा होतं, एका फाशात कुणी मारू शकत नाही, आणि उष्टा चार पुतण्याच्या फारसा कामाचा राहत नाही. आत्याने चष्मा वर करून बोर्ड बघितला आणि सहा घेऊन ४४ वर गेली. पुतण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. आणि मग त्याने फासा टाकला तर पडला एक, त्याची बंद सोंगटी निघाली, तोच हसत सुटला. तर नशीब आहेच, ते हवंच आहे, फक्त आता आत्याने केलेला विचार त्याने वाया जात नाही.

ह्यानंतर वाटलं झालं, संपलं. पण नशीब कमी केलं की त्याची जागा राजकारण घेतं हे आम्हाला माहीत नव्हतं. जो पुढे असेल त्याला उरलेले तिघं मिळून ठोकायला लागले. आधी मारायचं तर दान पडायला हवं, ते कुणाच्या हातात नव्हतं, त्यामुळे राग पण फाशावरच निघायचा. आता "तू मुद्दाम त्याला तीन सोडलास" हे तोंडावर म्हणता येतं, कारण मुद्दामच सोडलेला असतो. माझी एक बहीण दोन दिवस एका वहिनीशी नीट बोलली नाही, कारण काय तर उष्टा पाच. पुढे जाणं हाच तोटा झाल्यावर सगळे दुसऱ्या नंबरवर लपून बसायला लागले, कुणी पुढे जाईचना, आणि वेळ परत वाढला.

ह्यावरचा उपाय नवीन नाहीच, जुनाच आहे. लुडो हा पचिसीवरून घेतलेला, १८९६ मध्ये इंग्लंडात त्याचं पेटंट झालं, आणि तो करताना कवड्या गेल्या, साधा ठोकळ्याचा फासा आला, आणि समोरासमोरचे दोघं भिडू असण्याची पद्धत पण गेली. ती पद्धत आम्ही परत आणली. लाल-पिवळा एका बाजूला, हिरवा-निळा दुसऱ्या. भिडूची सोंगटी मारायची नाही, आणि दोघांच्या मिळून सहा सोंगट्यांपैकी चार घरात गेल्या की ती जोडी जिंकली. तिघं मिळून एकाला धरणं बंद झालं, कारण तिघांची टोळी होतच नाही. आणि एक गोष्ट आपोआप जुळून आली, पाळी फिरते त्या क्रमाने तुझ्यानंतर नेहमी दुसऱ्या जोडीतलाच कुणीतरी येतो, त्यामुळे उष्टं कायम शत्रूच्याच पानात पडतं. रुसायला कारणच उरलं नाही, तुझं काम आहेच ते. लहान पोराला मोठ्या माणसाबरोबर जोडीला बसवलं की तो पण खेळात राहतो, त्याच्या हातून भलती चाल गेली तरी डाव लगेच हातचा जात नाही.

आता डाव साधारण अर्ध्या तासात आटपतो, कधी पंचवीस मिनिटं, अडला तर चाळीस. आरती झाल्यावर पानं वाढेपर्यंत एक डाव होतोच. भाऊ म्हणतो अजून नशीब निम्म्याच्या वर आहे, असेल बुवा, पण हल्ली तो बोलवायच्या आधी येऊन बसतो. दोघंच खेळणारे असतील तर मात्र हे जमत नाही, प्रत्येकाने दोन रंग घेऊन बघितलं पण मग आपलंच उष्टं कुणाला देतोय त्याचा घोळ होतो. आणि अगदी लहान, पाच-सहा वर्षांची पोरं असतील तर सरळ साधा लुडो खेळा, त्यांना सहा पडल्यावर उड्या मारायच्या असतात, तुमच्या उष्ट्यात त्यांना काही रस नाही.

बोर्डच्या मागे मार्करने नियम लिहून ठेवलेत, खाडाखोडीसकट. सध्या एकाच गोष्टीवर एकमत नाही, ती म्हणजे भिडूने बोलायचं की नाही. आत्या म्हणते गप्प बसायचं, पण तिच्याच पाळीला समोरून खोकल्याचा आवाज आला की ती बरोबर दुसरा फासा उचलते. भाचीने खोकल्याला एक पाळी जप्त असा नियम लिहायला घेतला होता, तो आत्याने नखाने खरवडून काढलाय.